‘नातिचरामि’ नेमके कोणाला सांगितले जाते? : लग्नातील वचनांविषयी एक दीर्घ धागा

लग्नसराई आली की एक वाद हमखास डोके वर काढतो. एखादे जोडपे मंडपात स्वतः लिहिलेली वचने वाचून दाखवते, त्याची चित्रफीत फिरू लागते आणि खाली ठरलेली प्रतिक्रिया उमटते : हे परदेशी चित्रपटांचे अनुकरण आहे, आपल्याकडे सप्तपदी असताना हे उसने सोंग कशाला? हा आक्षेप इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. मात्र त्याच्या उत्तरादाखल जी वचने मंडपात वाचली जातात, तीही बहुधा टिकत नाहीत. या धाग्यात दोन्ही बाजूंचा समाचार घ्यायचा आहे.

प्रथम मूळ विधीकडे पाहू. ‘नातिचरामि’ हा शब्द लग्नपत्रिकांवर, चित्रपटांच्या नावांत, जोडप्यांच्या छायाचित्रांखाली सर्वत्र दिसतो, आणि तो वराने वधूला दिलेला शब्द आहे असाच सर्वांचा समज असतो. प्रत्यक्षात तो कन्यादानाच्या प्रसंगी उच्चारला जातो. कन्या देणारा पिता वराला बजावतो की धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत हिला डावलून वागू नकोस, आणि वर उत्तर देतो : नाही वागणार. म्हणजे हे वचन जावयाने सासऱ्याला दिलेले आहे. जिच्याविषयी ते दिले जाते ती शेजारी बसलेली असते, पण वचनाचा पक्षकार नसते. आणि वचनाचा आशय काय, तर धर्म, अर्थ, काम. मानवी आयुष्यात यांच्याबाहेर काही उरतच नाही, म्हणून हे वचन मोडले असे कोणत्या दिवशी म्हणायचे हेही कधी ठरत नाही.

सप्तपदीची गोष्ट याहून रोचक आहे. आश्वलायन गृह्यसूत्रातील सात पावले आश्चर्य वाटावे इतकी ठोस आहेत : पहिले अन्नासाठी, दुसरे बळासाठी, पुढे धनवृद्धी, सुख, संतती, ऋतू आणि शेवटचे सख्यासाठी. ज्या कोणी ही यादी रचली, त्याला संसार कशावर चालतो याची पुरती जाण होती. अन्न पहिले आणि मैत्री शेवटची, हा क्रमसुद्धा विचार करायला लावतो. पण येथेही बोलतो तो वर. प्रत्येक पावलाला तो तिला ‘माझी अनुव्रता हो’ असे सांगतो आणि ती पाऊल टाकते. समाजमाध्यमांवर वधूच्या तोंडी घातलेली सात अटींची जी यादी फिरते, ती या सूत्रातली नव्हे.

मग मराठी लग्नात वधू बोलते कधी? उखाणा घेताना. तेवढीच एक जागा तिच्यासाठी राखलेली आहे, आणि तिथे तिने करायचे काय, तर पतीचे नाव यमकात बसवायचे. लिहिण्याची हौसही आपल्याकडे कमी नाही. कोण्या मावशीने, आत्याने वा गावातल्या गुरुजींनी खास त्या जोडप्यासाठी मंगलाष्टके रचावीत, त्यांत दोन्ही घराण्यांची नावे गुंफावीत, ती रंगीत कागदावर छापून वाटावीत, ही प्रथा नगर जिल्ह्यातल्या मंडपांत आजही पाहायला मिळते. तेव्हा ‘लग्नासाठी वैयक्तिक मजकूर लिहिणे परकीय आहे’ हे म्हणणे मुळातच खोटे. मजकूर लिहिला जातोच. फक्त ज्यांना संसार करायचा आहे ते दोघे सोडून बाकी सगळे तो लिहितात.

ही विसंगती दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने ओळखली होती. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, जोतीराव फुले यांच्या पुढाकाराने पहिला सत्यशोधक विवाह लागला. वर सीताराम जबाजी आल्हाट. वधू राधा, ही सावित्रीबाईंच्या मैत्रीण बजूबाई निंबणकर यांची कन्या. पुरोहित नाही, हुंडा नाही, खर्च जवळजवळ नाही. पाठ्यपुस्तकांत या विवाहाचे वर्णन ‘भटजीविना लग्न’ या दोन शब्दांत आटोपते. ते अपुरे आहे, कारण पुरोहित काढून टाकल्यावर एक अडचण उभी राहते : आता बोलायचे कोणी, आणि काय?

जोतीरावांनी त्याचे उत्तर मंगलाष्टकांतच दिले. १८८७ साली त्यांनी सत्यशोधक समाजाच्या पूजाविधीची जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तिच्यातील मंगलाष्टके तिसऱ्याच कोणी म्हणायची नसून वधू-वरांनी एकमेकांना उद्देशून म्हणायची आहेत. वर वधूच्या गुणांची प्रशंसा करतो. परंपरेप्रमाणे तिने लाजून मान खाली घालावी, पण येथे ती उलट बोलते. तिचे म्हणणे थोडक्यात असे की, स्वातंत्र्याचा अनुभव आम्हा स्त्रियांना नाही. तेव्हा स्त्रीचे हक्क तिला देईन अशी आण घे. वर ती घेतो, आणि स्त्रियांच्या अधिकारांसाठी झटताना आपले सर्वस्व खर्ची पडले तरी भिणार नाही असे सांगतो. त्यानंतरच माळ पडते. वधूने अट घालायची, वराने ती मान्य करायची आणि मग लग्न लागायचे, हा क्रम १८८७ साली मराठीत, सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत, छापील स्वरूपात उपलब्ध होता. ज्यांना स्वलिखित वचने ही परदेशी चित्रपटांची देणगी वाटते, त्यांनी चित्रपटाचा जन्म कधी झाला ते एकदा पाहून घ्यावे.

हे सहजासहजी पचले नाही. जुन्नर तालुक्यातील ओतूर हे गाव नगरच्या अकोले, संगमनेर आणि पारनेर तालुक्यांना लागून असलेल्या पट्ट्यात येते. तेथील बाळाजी कुसाजी पाटील यांनी १८८४ च्या सुमारास घरचे विवाह ग्रामजोशाला न बोलावता लावले. जोशांनी आपला वतनी हक्क बुडाला म्हणून दावा लावला. दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर पाटलांच्या बाजूने निकाल लागला. भांडण दक्षिणेचे होते हे खरे. तथापि दक्षिणा कशाची, तर आपल्या लग्नात आपल्याऐवजी दुसऱ्याने बोलण्याची. लग्नात स्वतः बोलण्याचा अधिकार या मुलखातल्या शेतकऱ्याने कोर्टाची पायरी चढून मिळवलेला आहे.

नगर जिल्हा या चळवळीच्या काठावर नव्हता, तर ऐन मध्यावर होता. मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा जोतीरावांना नगर येथील अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांच्या शाळा पाहून मिळाली. पुढे १९१० साली मुकुंदराव पाटलांनी सुरू केलेले ‘दीनमित्र’ हे सत्यशोधकांचे पत्र नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून कित्येक दशके निघत राहिले. शहरात छापून खेड्यात पाठवायचे, हा तेव्हाच्या वर्तमानपत्रांचा शिरस्ता या पत्राने उलटा केला.

इथपर्यंत जोतीरावांची बाजू निर्विवाद आहे. पण इतिहासाचा अभ्यास म्हणजे आरती नव्हे. त्यांच्या मंगलाष्टकांचीही एक मर्यादा आहे आणि ती स्पष्ट बोलायला हवी. त्यांनी बोलणारी व्यक्ती बदलली, परंतु मजकूर सर्वांसाठी एकच राहिला आणि त्यातले शब्द मोठेच राहिले : स्वातंत्र्य, हक्क, सर्वस्व. १८८७ साली हे शब्द स्त्रीच्या तोंडी येणे हीच क्रांती होती, म्हणून तेव्हा ते ठोस होते. आज तेच शब्द कोणताही वर निर्धास्तपणे उच्चारू शकतो, कारण ते उच्चारल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला एकही काम जास्तीचे करावे लागत नाही. छापील वचनाला काळाची धार बोथट करते. मग ते वचन संस्कृतात असो वा मराठीत.

मोठ्या शब्दांऐवजी चूल आणि पाणी यांवर उभा राहिलेला करार पाहायचा असेल, तर नगरमध्येच थांबावे.

नारायण वामन टिळक आणि मनकर्णिका गोखले यांचा विवाह १८८० साली झाला. ती तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती आणि त्या विधीत तिला काही विचारले गेले असण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नानंतर ती लक्ष्मी झाली. नावही दुसऱ्यांनीच ठरवले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. पत्नीला विश्वासात न घेता घेतलेला तो निर्णय होता. धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत तिला न डावलण्याचे वचन पंधरा वर्षांपूर्वी तिच्या वडिलधाऱ्यांना दिले गेले होते. त्याचे काय झाले, असे विचारणारे त्या दिवशी कोणी नव्हते, कारण ते वचन तिचे कधी नव्हतेच. लहानग्या दत्तूला घेऊन ती नातलगांच्या आधाराने राहिली, त्यांतली काही वर्षे पंढरपुरात.

टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते. काही वर्षांनी पती-पत्नींनी पुन्हा एकत्र येण्याचे ठरवले, तेव्हा भव्य वचनांचा काही उपयोग नव्हता. आता प्रश्न अगदी साधे होते आणि म्हणूनच अवघड होते. पाणी कोणाच्या हातचे? चूल कोणाची? शिवाशिवीचे काय? तिने आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले पाणी सोडले नाही, आणि धर्मांतराने पेटलेल्या त्या माणसाने ते मान्य केले. एकाच संसारात दोन धर्म, आणि त्यांच्यामधली सीमा घागरीवरून आणि ताटावरून जाणारी. पुढे तिने जातीचे निर्बंध स्वतःच्या विचाराने टाकले आणि १९०० साली बाप्तिस्माही घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हा सारा प्रवास ठाऊक आहे. येथे मुद्दा एवढाच की, १८८० च्या मंडपातील वचनाने जे साधले नाही, ते नगरमधल्या या तडजोडीने साधले. ती रोज पाळली जात होती की नाही हे रोज दिसत होते. दोनदा जेवण, दोनदा परीक्षा.

हा लग्नमंडपातला संकल्प नव्हता, हे मान्य. पण एका विवाहाच्या आत घडलेला तो दुसरा विवाहच होता, आणि या वेळी दोन्ही पक्ष बोलत होते.

मराठी मुलखात याच जातीचे आणखी एक उदाहरण आहे, आणि ते शंभर वर्षे जुनेही नाही. १९८९-९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम काढली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही हिस्सा हयातीतच पत्नीच्या नावावर करायचा, आणि ज्या गावात शंभर शेतकरी असे करतील ते लक्ष्मी मुक्तीचे गाव. १९९२ साली शासनाने याच नावाने सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. ‘तू माझी अर्धांगिनी’ हे वाक्य म्हणायला श्वासाइतका वेळ लागतो. त्याचा अर्थ किती गुंठे, हे सांगायला तलाठ्याकडे जावे लागते, भाऊबंदांचा रोष पत्करावा लागतो. म्हणूनच दुसऱ्याला वचन म्हणायचे आणि पहिल्याला अलंकार.

आता आजच्या मंडपाकडे येऊ. स्वतः लिहिलेल्या वचनांचे कागद ऐकले तर त्यांत बहुधा हेच सापडते : तुझ्या स्वप्नांना पंख देईन, प्रत्येक सुख-दुःखात साथ देईन, तुझा आदर करीन. हे जोडप्याने स्वतः लिहिले असेल. पण यात त्या जोडप्याचे काय आहे? नावे बदलून हाच कागद पुढच्या मुहूर्ताला वापरता येईल. संस्कृत न कळणाऱ्या वधूपुढे नातिचरामि म्हणणे आणि ‘स्वप्नांना पंख’ म्हणणे यांत तत्त्वतः फरक काही नाही. दोन्ही वचने मोडता येत नाहीत, म्हणून पाळताही येत नाहीत.

उदाहरणादाखल संगमनेर तालुक्यातील एक घर कल्पावे. घरी चार दुभत्या गाई, डेअरीला दूध घालण्याची वेळ पहाटेची. मुलगा नोकरी सांभाळून गोठा पाहतो, मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होऊन विभागीय परीक्षेची तयारी करते आहे. त्याने लिहिले आहे : ‘तुझ्या शिक्षणाला नेहमी पाठिंबा देईन.’ या वाक्याला चार प्रश्न विचारावेत. कोण करणार? काय? कधी? आणि ते झाले नाही हे कोणाला, कसे कळेल? उत्तरे लिहिता लिहिता वाक्य आपोआप बदलते : ‘परीक्षा होईपर्यंत पहाटेची धार आणि डेअरीची फेरी माझी. त्या दोन तासांत तुला कोणी हाक मारणार नाही. चहासाठीसुद्धा नाही, आणि मी तर मुळीच नाही.’

या दुसऱ्या वाक्यात काय घडले ते पाहण्यासारखे आहे. ‘पाठिंबा’ हा शब्द गेला आणि त्याच्या जागी दोन तास आले. मुदत आली. शिवाय एक चूकही उघडी पडली : ‘तुला कोणी हाक मारणार नाही’ हे वचन त्याचे एकट्याचे नाही. घरात आई आहे, आणि तिच्या वतीने तो शब्द देऊ शकत नाही. येथे बहुतेक कागद फसतात. दुसऱ्याच्या वागण्याची हमी दिली जाते आणि पहिल्याच आठवड्यात ती मोडते. म्हणून तेवढा भाग असा हवा : ‘आईने हाक मारली तर मी उठून जाईन.’ आता वचन पुरते त्याच्या हातात आले. भव्य भाषेत ही आई कधी दिसलीच नसती.

तिच्या कागदावरही हाच न्याय. ‘तुझ्या घराला आपले मानीन’ यात मानण्याची मोजणी कशी करणार? ‘पगाराचे खाते माझ्याच नावे राहील, त्यातून घरखर्चाचा वाटा दर महिन्याच्या पाच तारखेला देईन आणि माझ्या आईच्या औषधांचे पैसे कोणाला न विचारता पाठवीन,’ हे ऐकून मांडवातल्या काही भुवया उंचावतील. त्या लग्नाआधी उंचावलेल्या बऱ्या. गौरी-गणपतीला कोणत्या घरी, दिवाळी कोणाकडे, भांडण झाल्यावर किती वेळ अबोला चालेल, फोनवर बोलताना दार लावले तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, या गोष्टी क्षुद्र नाहीत. संसार बहुतांशी याच गोष्टींचा असतो.

आक्षेप येतील, आणि त्यांतला एक वजनदार आहे. असे हिशेबी कागद संसाराचे रोजमेळ बनवतील, आणि रागाच्या भरात ‘तू कलम तीन मोडलेस’ असे म्हटले जाईल. हा धोका खरा आहे. पण त्यावरचा उपाय मोघम बोलणे हा नव्हे. वचने थोडी असावीत, प्रत्येकी चार-पाच पुरेत. आणि परिस्थिती बदलणारी असेल तर वचनात मुदत असावी. परीक्षा संपली की धारेचे वचन संपते, नवे मूल आले की नवे वचन लागते. सत्यशोधकांचा मूळ बाणा हाच होता की, जो मजकूर आजच्या माणसाला लागू पडत नाही तो पवित्र म्हणून म्हणत राहू नये. तो बाणा स्वतःच्या कागदालाही लावता येतो.

कायद्याची बाजूही गैरसमजांनी वेढलेली आहे. स्वलिखित वचनांमुळे लग्न कायदेशीर ठरत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधीने लग्न लागावे लागते, आणि त्या विधीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला ते पूर्ण होते. विशेष विवाह कायदा, १९५४ अधिक मोकळा आहे : जोडप्याला आवडेल त्या पद्धतीने विवाह करता येतो, मात्र विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी, दोघांना समजेल अशा भाषेत, एकमेकांचा पती वा पत्नी म्हणून स्वीकार करत असल्याचे उच्चारावे लागते. ‘दोघांना समजेल अशा भाषेत’ ही अट कायद्याने घातली आहे, आणि तिच्यात जोतीरावांचा आग्रह ऐकू येतो. तमिळनाडूने तर १९६७ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून पेरियार यांच्या चळवळीतील पुरोहितविरहित स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली. महाराष्ट्रात सत्यशोधक विवाहासाठी असे स्वतंत्र कलम नाही.

यांपैकी कोणताही कायदा धारेचे, औषधांचे किंवा दिवाळीचे वचन अमलात आणून देणार नाही. त्याची साक्ष घरातच लागते. म्हणून कागद मंडपात प्रथमच वाचणे धोक्याचे : हजार माणसांसमोर, ध्वनिवर्धक हाती असताना, माणूस टाळ्यांसाठी लिहितो. साखरपुड्यानंतर दोघांनी तो एकमेकांना आधी वाचून दाखवावा, जिथे समोरचा हसेल, गप्प होईल किंवा ‘हे तुला जमणार नाही’ म्हणेल ती जागा खोडावी, आणि उरेल तेवढेच मांडवात न्यावे. ज्यांना मांडवात वाचायचेच नाही त्यांनी वाचू नये. संगमनेरच्या त्या घरात कागदाची एक प्रत गोठ्यातल्या दुधाच्या वहीत राहिली तरी चालेल. ती वही रोज पहाटे उघडली जातेच.